पस्तीस जिल्हे, सत्तर ठिपके

सकाळी ९

आज संध्याकाळपर्यंत एक पान छपाईला जायचं आहे. विषय ठरलेला आहे: वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी किती जणींचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी झालं होतं, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या दोन फेऱ्यांमध्ये हे प्रमाण जिल्ह्याजिल्ह्यांत किती बदललं. चौथी फेरी २०१५-१६ची, पाचवी २०१९-२१ची. महाराष्ट्राचा आकडा चौथ्या फेरीत २६.३ टक्के होता, पाचव्या फेरीत २१.९ टक्के झाला. संपादक ताईंचं म्हणणं असं की राज्याचा आकडा सगळीकडे छापून आलाय, वाचकाला आपला जिल्हा बघायचा असतो. ते बरोबरच आहे.

जोडस्तंभ काढले तर बहात्तर खांब उभे राहतात, आणि प्रत्येक जोडीतला फरक डोळ्यांनी मोजत बसावं लागतं. नुसत्या बदलाचे खांब काढले तर पन्नासावरून पंचेचाळीसवर आलेला जिल्हा आणि दहावरून पाचवर आलेला जिल्हा सारखेच दिसतात. डंबेल आलेखात प्रत्येक जिल्ह्याला एक ओळ मिळते. जुन्या फेरीचा एक ठिपका, नव्या फेरीचा एक ठिपका आणि मधे त्यांना जोडणारी रेघ. ठिपक्यांच्या जागेवरून प्रमाण कळतं, रेघेच्या लांबीवरून बदल कळतो. पस्तीस-छत्तीस ओळींसाठी याहून सुटसुटीत मांडणी मला माहीत नाही. पण रेघ एकदा छापली की ती ठाम विधान होऊन बसते, आणि ते विधान आकड्यांना कितपत पेलतं हे तपासण्यातच आजचा बहुतेक दिवस जाणार आहे.

सकाळी १०

आधी दोन्ही फेऱ्यांची जिल्हावार फॅक्टशीट उघडून आकडे एका तक्त्यात घेते. नावांवरून जोडणी करायची नाही हा नियम. सरकारी पाहण्यांत बीड कधी ‘बिड’ असतं, गोंदियाचं, बुलढाण्याचं स्पेलिंग वेगळं असतं. औरंगाबाद बिहारमध्येही आहे. जनगणनेच्या यादीत आपला रायगड आणि छत्तीसगडचा रायगढ एकाच स्पेलिंगने लिहिलेले आहेत. सगळ्या देशाची फाईल हाताशी असली आणि केवळ नावावर जोडली, तर कोकणाच्या ओळीत छत्तीसगडचा ठिपका येऊन बसेल, आणि आलेख बघून कुणाला संशयही येणार नाही. म्हणून २०११च्या जनगणनेचे जिल्हा क्रमांक वापरायचे. महाराष्ट्राचे ४९७ पासून ५३१ पर्यंत, नंदुरबारपासून सांगलीपर्यंत. नावं शेवटी चिकटवायची, तीही आजची: छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर.

४९७ ते ५३१ म्हणजे पस्तीस. पाचव्या फेरीत मात्र छत्तीस जिल्हे आहेत.

सकाळी १०.३०

छत्तिसावा जिल्हा पालघर. १ ऑगस्ट २०१४ रोजी तो ठाण्यातून वेगळा झाला. चौथ्या फेरीचं प्रत्यक्ष काम त्यानंतर झालं असलं, तरी त्या फेरीने २०११च्या जनगणनेतले ६४० जिल्हेच धरले होते. म्हणजे चौथ्या फेरीतलं ‘ठाणे’ हे वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाड्यासकटचं ठाणे, आणि पाचव्या फेरीतलं ‘ठाणे’ त्यांना वगळून उरलेलं.

ही दोन ठाणी एका रेघेने जोडली तर काय होईल ते बघा. जव्हार-मोखाड्यात एकही लग्न उशिरा झालं नाही, कल्याण-डोंबिवलीतही काही बदललं नाही असं धरू. तरी आदिवासी तालुके हिशेबातून बाहेर गेल्यामुळे ठाण्याचं प्रमाण बदलेल. आलेखावर एक रेघ उमटेल, कुणाच्याही आयुष्यात काही घडलेलं नसताना. अशी रेघ मला पानावर नको आहे.

मार्ग दोन आहेत. चौथ्या फेरीचे मूळ घरोघरीचे आकडे घेऊन तिथलं पालघर वेगळं काढायचं, किंवा पाचव्या फेरीतले ठाणे आणि पालघर पुन्हा एकत्र करायचे. पहिल्यासाठी नमुन्यातली गावं नकाशावर कुठे आहेत ते लागतं. ती ठिकाणं उत्तर देणाऱ्यांची ओळख पटू नये म्हणून मुद्दाम थोडी सरकवून दिलेली असतात, त्यामुळे हद्दीजवळच्या गावांबद्दल शंका राहते. मी दुसरा मार्ग घेते.

एकत्र करताना दोन टक्केवाऱ्यांची साधी सरासरी चालत नाही. २०११च्या जनगणनेनुसार जुन्या ठाण्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर होती, त्यातली पालघरच्या वाट्याला आलेली सुमारे ३० लाख. म्हणजे वजनं साधारण ७३ आणि २७. समजा ठाण्याचं प्रमाण २० टक्के आणि पालघरचं ३० टक्के आलं, तर साधी सरासरी २५ होते, वजन लावून २२.७. हा फरक क्षुल्लक नाही, आलेखावर तो डोळ्यांना दिसतो. वजनं एकूण लोकसंख्येची आहेत, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांची नाहीत, म्हणून हे उत्तर अंदाजाचंच. ओळीचं नाव ‘ठाणे व पालघर’ ठेवते आणि खाली तळटीप देते. पालघरच्या वाचकाला आपला जिल्हा वेगळा दिसणार नाही याची मला रुखरुख आहे, म्हणून त्याचा पाचव्या फेरीचा आकडा तळटीपेतच छापायचा, ठिपक्याशिवाय आणि रेघेशिवाय.

सकाळी ११.१५

फॅक्टशीटमध्ये काही आकडे कंसात असतात आणि काही जागी नुसती चांदणी असते. कंस म्हणजे तो आकडा २५ ते ४९ व्यक्तींच्या उत्तरांवर उभा आहे. चांदणी म्हणजे २५ पेक्षाही कमी, म्हणून आकडा छापलेलाच नाही. तक्ता भरताना हे कंस गळून पडतात, कारण संगणकाला अंक हवा असतो. म्हणून कंसासाठी वेगळा रकाना ठेवला आहे. दोन्हींपैकी एका फेरीत जरी कंस असला, तरी त्या जिल्ह्याची रेघ काढायची नाही, ठिपके तेवढे ठेवायचे.

सकाळी ११.३०

आता पहिला कच्चा आलेख. क्रम कसा लावायचा हा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे.

चौथ्या फेरीच्या आकड्यानुसार जिल्हे लावले की चित्र फार देखणं येतं. वरचे, म्हणजे जास्त प्रमाण असलेले जिल्हे झपाट्याने खाली आलेले, आणि तळाचे जिल्हे किंचित वर गेलेले. मागासलेले पुढच्यांना गाठताहेत, असा मथळाच सुचतो. आता तेच जिल्हे पाचव्या फेरीच्या आकड्यानुसार लावून बघते. वरच्या जिल्ह्यांत वाढ जास्त दिसायला लागते आणि तळाच्यांत घट. गोष्ट उलटी झाली, आकडे मात्र तेच आहेत.

कारण असं की नमुना-पाहणीतला प्रत्येक आकडा खऱ्या प्रमाणाच्या थोडा वर किंवा थोडा खाली पडतो. एखाद्या फेरीत यादीच्या वरच्या टोकाला गेलेल्या जिल्ह्यांत, त्या फेरीपुरते योगायोगाने वर पडलेले जिल्हे जास्त भरलेले असतात. दुसऱ्या फेरीत तो योगायोग तसाच येत नाही, आणि ते आपोआप मधे सरकतात. क्रम उलटवल्यावर गोष्ट उलटली, तर तिच्यातला बराच भाग या योगायोगाचा आहे हे ओळखावं. बदलाच्या लांबीनुसार लावलेला क्रम तर याहून वाईट, कारण तो सर्वांत डळमळीत आकड्यांना सर्वांत वरची जागा देतो.

मी दोन्ही फेऱ्यांच्या सरासरीनुसार क्रम लावते. त्यात कुठल्याच एका फेरीला झुकतं माप मिळत नाही.

```r
d$jilha <- reorder(d$jilha, (d$n4 + d$n5) / 2)

ggplot(d, aes(y = jilha)) +
  geom_segment(aes(x = n4, xend = n5, yend = jilha, colour = pakka)) +
  geom_point(aes(x = n4), shape = 21, fill = "white", size = 3) +
  geom_point(aes(x = n5), size = 3)
```

जुनी फेरी पोकळ गोल, नवी फेरी भरीव. आमचं हे पान काळ्या शाईत छापलं जातं, आणि रंगीत असतं तरी मी लाल-हिरवा वापरला नसता. हे दोन रंग वेगळे न दिसणारे वाचक पुष्कळ असतात. त्यातून इथे डावीकडे जाणं चांगलं आहे, संस्थात्मक बाळंतपणाच्या आलेखात उजवीकडे जाणं चांगलं असेल. म्हणून आडव्या अक्षाखाली स्पष्ट लिहायचं: डावीकडे म्हणजे बालविवाह कमी.

दुपारी १२.१५

आता `pakka` हा रकाना कसा भरायचा. कोणता बदल पक्का मानायचा?

पाचव्या फेरीत महाराष्ट्रात ३३,७५५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. छत्तीसने भागलं तर जिल्ह्यामागे साधारण ९४०. या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रिया, आणि आपल्याला हव्यात फक्त वीस ते चोवीसच्या. त्या ढोबळमानाने सहाव्या हिश्शाएवढ्या धरल्या तर दीडशे उरतात. एका जिल्ह्याचा भरीव ठिपका सुमारे दीडशे जणींच्या उत्तरांवर उभा आहे.

एक जिल्हा घेऊ, प्रमाण ३५ टक्के. साध्या सूत्राने, म्हणजे ०.३५ गुणिले ०.६५ भागिले १५० याचं वर्गमूळ काढून, प्रमाण त्रुटी येते ३.९ अंक. पण या दीडशे जणी जिल्हाभरातून एकेक करून निवडलेल्या नसतात. पाहणीत आधी गावं आणि शहरातले विभाग निवडले जातात, मग प्रत्येक ठिकाणची सुमारे २२ घरं. एका गावातल्या मुलींची लग्नं बहुधा एकाच रीतीने ठरतात, त्यामुळे त्याच गावातली पाचवी मुलगी पहिल्या चौघींपेक्षा फारसं नवं काही सांगत नाही. त्यासाठी विचरण दीडपट धरते, म्हणजे प्रमाण त्रुटी सव्वापटीच्या जवळपास वाढते: ४.८. दोन फेऱ्यांमधला फरक काढायचा तर दोन्हींचा हेलकावा एकत्र येतो, आणि ती ६.७ होते. नेहमीच्या ९५ टक्के खात्रीसाठी तिला १.९६ने गुणलं की उत्तर येतं १३.

म्हणजे ३५ टक्क्यांच्या आसपासच्या जिल्ह्यात बदल तेरा अंकांहून लहान असेल, तर तो खरा बदल आहे की नमुन्याचा हेलकावा, हे या पाहणीवरून सांगता येत नाही. कमी प्रमाणाच्या जिल्ह्यांत ही मर्यादा आकसते, ५ टक्क्यांच्या जवळ ती सहा अंकांवर येते. म्हणून सगळ्यांना एकच फूटपट्टी लावायची नाही, प्रत्येक ओळीचा हिशेब स्वतंत्र करायचा.

आता हेच राज्यासाठी. राज्यभरात या वयाच्या पाचेक हजार स्त्रिया धरल्या तर फरकाची मर्यादा दोन अंकांच्या आसपास येते. राज्याचा आकडा ४.४ने उतरला आहे, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. तेव्हा राज्यात घट झाली हे खात्रीने म्हणता येतं. पण ती घट जिल्ह्याजिल्ह्यांत वाटून गेली की प्रत्येकाच्या वाट्याला आलेला तुकडा त्या जिल्ह्याच्या हेलकाव्यात बुडून जातो. आजच्या पानाने वाचकाला हे सांगितलं पाहिजे, आणि डंबेल आलेख ते सांगू शकतो, जर रेघेला दोन रूपं दिली तर.

मूळ घरोघरीच्या आकड्यांवरून प्रमाण त्रुटी याहून नेमकी काढता येते, कारण तिथे प्रत्येक स्त्री कोणत्या गावच्या गटातली आणि तिचं वजन किती ते नोंदलेलं असतं. जिल्हा फॅक्टशीटमध्ये त्रुटी छापलेली नसते, मुलाखतींची संख्या तेवढी असते. म्हणून पानावर ‘अंदाजे’ हा शब्द राहणार.

दुपारी १.३०

जेवण.

दुपारी २

गडद आणि फिकी अशा दोन रेघांचा आलेख समोर आहे. बहुतेक रेघा फिक्या झाल्या. संपादक ताई आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, यात सगळं पुसल्यासारखं दिसतंय. वाचक म्हणेल, मग दाखवलंत काय?”

मी त्यांना आलेखावरचे ठिपके बघायला सांगितले. मराठवाड्याच्या ओळी बहुतांशी उजव्या बाजूला आहेत, पूर्व विदर्भाच्या डाव्या. पोकळ गोलही तसेच, भरीवही तसेच. राज्याच्या २१.९ टक्क्यांवर एक उभी तुटक रेघ ओढली, तर काही जिल्हे दोन्ही फेऱ्यांत तिच्या बरेच उजवीकडे आहेत. ही गोष्ट हेलकाव्याने पुसली जात नाही. कुठे जास्त आणि कुठे कमी, हे दोन फेऱ्यांनी दोनदा सांगितलं आहे. फिक्या रेघांचा अर्थ एवढाच की कोण किती सुधारलं याची शर्यत लावायला हे आकडे पुरेसे नाहीत.

“मग शर्यत नको,” त्या म्हणाल्या. “पण गडद रेघांवर चौकट करू या. तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी काय केलं ते विचारू.”

त्यालाही मी थांबवलं. पस्तीस जिल्ह्यांत काहीच बदललं नसतं, तरी ९५ टक्क्यांच्या कसोटीने एक-दोन रेघा निव्वळ योगायोगाने गडद झाल्या असत्या. गडद रेघ म्हणजे चौकशीला सुरुवात करण्याची जागा. तिला शाबासकीचं प्रमाणपत्र समजायचं नाही. ताईंनी चौकट रद्द केली आणि मथळा बदलला: ‘राज्यात घट पक्की, जिल्ह्यांत चित्र धूसर’. मला तो मथळा आवडला.

दुपारी ३.३०

मांडणीकाराबरोबर अर्धा तास. पस्तीस ओळी एका लांबलचक पट्टीत वाचताना डोळा घसरतो. सहा महसुली विभागांचे सहा गट केले, गटागटांत थोडी मोकळी जागा सोडली, गटाच्या आत क्रम सरासरीचाच ठेवला. सगळ्या गटांना आडवा अक्ष एकच, शून्यापासून. विभागवार वेगळे अक्ष दिले असते तर कोकणातली दोन अंकांची रेघ मराठवाड्यातल्या दहा अंकांच्या रेघेएवढी दिसली असती.

तळाच्या काही ओळींत पोकळ आणि भरीव गोल एकमेकांवर चढतात. तिथे गोल लहान करायचे, पण सगळ्याच ओळींत लहान करायचे. आकडे गोलांशेजारी छापायचे नाहीत असं ठरवलं. दशांशासह आकडा छापला की तो आहे त्याहून नेमका वाटतो.

दुपारी ४.३०

मराठवाड्यातल्या एका संस्थेच्या ताईंचा फोन. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलींच्या शाळेसाठी त्यांचं काम आहे. आलेखाचा कच्चा खर्डा त्यांना पाठवला होता.

“ताई, यात तुम्ही २०१९-२१ लिहिलंय. लॉकडाऊनमध्ये आमच्याकडं किती लग्नं लागली, आम्ही डोळ्यांनी बघितलंय. ती कुठं दिसेनात यात.”

त्यांचा प्रश्न अगदी नेमक्या जागी लागला. पाचवी फेरी दोन टप्प्यांत झाली आणि महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता. इथल्या मुलाखती २०१९मध्येच, टाळेबंदीच्या आधी, झाल्या. देशाच्या फेरीचं नाव २०१९-२१ असलं, तरी महाराष्ट्राच्या भरीव ठिपक्यात २०२०चं एकही लग्न नाही. शिवाय ज्यांना विचारलं त्या तेव्हा वीस ते चोवीस वर्षांच्या होत्या, आणि प्रश्न अठराच्या आधीच्या लग्नाचा. म्हणजे ती लग्नं मुलाखतीच्या दोन वर्षं आधीपासून आठ-दहा वर्षं आधीपर्यंतची. ठिपका २०१९चा असला तरी तो त्याच्या मागच्या दशकाबद्दल बोलतो.

खुलाशात दोन वाक्यं वाढवली, आणि भरीव गोलाचं नाव ‘पाचवी फेरी, मुलाखती २०१९’ असं केलं.

“बरं, पण आमच्या जिल्ह्याची रेघ फिकी आलीय. मग मी अर्जात लिहू काय? कमी झालं म्हणू की नाही?”

मी म्हटलं, “कमी झालं असंही लिहू नका आणि वाढलं असंही लिहू नका. प्रमाण किती आहे ते लिहा.” समजा एखाद्या जिल्ह्याचा आकडा ४० टक्के आहे. दीडशे जणींच्या नमुन्यावर त्याची मर्यादा दोन्ही बाजूंना साडेनऊ-दहा अंक, म्हणजे खरं प्रमाण तीस ते पन्नासच्या मधे कुठेतरी. पट्टा रुंद आहे, पण त्याचं खालचं टोकही राज्याच्या २१.९च्या बरंच वर आहे. ‘आमच्या जिल्ह्यात बालविवाहाचं प्रमाण राज्याच्या सरासरीहून स्पष्टपणे जास्त आहे आणि दोन्ही फेऱ्यांत तसंच आढळलं आहे’, हे वाक्य कुणी खोडू शकणार नाही. त्यांनी ते फोनवरच उतरवून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, “आम्हाला पाच अंकांची घट झाली तर ती दिसायला पाहिजे. किती मुलींना विचारावं लागंल?”

कागदावर हिशेब मांडला. १५० जणींवर फरकाची मर्यादा १३ येते. नमुना चौपट केला की मर्यादा निम्मी होते. १३वरून ५वर आणायची तर नमुना निदान सातपट हवा, म्हणजे कमीत कमी वीस ते चोवीस वयाच्या हजार-साडेदहाशे जणी, दोन्ही वेळी. आणि त्या जिल्हाभरातल्या गावांच्या यादीतून चिठ्ठी टाकून निवडलेल्या गावांतल्या हव्यात, केवळ संस्थेचं काम चालतं त्या गावांतल्या नकोत. प्रत्येक गावात जास्त घरं घेण्यापेक्षा जास्त गावं घेतलेली चांगली, कारण एका गावातल्या उत्तरांचा सारखेपणा नमुन्याची ताकद खातो.

“हजार जमतील,” ताई म्हणाल्या. “पण दिवाळीनंतर निम्मी गावं तोडीला जातात. घरी कोण सापडणार?”

म्हणून पाहणी पावसाळ्यात करायची, आणि दुसरी फेरीही त्याच महिन्यांत, नाहीतर दोन ठिपके दोन वेगळ्या गावांचे असतील. गावांची यादी कुठून घ्यायची हे त्यांना उद्या कळवायचं आहे. पान साडेसहाला छपाईला गेलं.